लघुप्रबंधाचा प्रश्न आणि प्रकरणे कशी ठरवावीत?

«सोलापुरात एम.ए. मराठी करतेय. लघुप्रबंधाला ‘दलित आत्मकथनांचा चिकित्सक अभ्यास’ असा विषय दिला. सर म्हणाले, “यात प्रश्न कुठंय?” प्रश्न आणि प्रकरणं कशी ठरवू?»

सरांचं बरोबर आहे. ‘चिकित्सक अभ्यास’ हे कामाचं वर्णन झालं, त्यातून काय शोधायचं ते कळत नाही. शिवाय आत्मकथनं इतकी आहेत की वर्षभरात वाचूनही संपणार नाहीत. दोनच घ्या. एक आपल्या जिल्ह्यातलंच, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४), आणि दुसरं दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८).

आता वही घेऊन दोन्ही पुन्हा वाचा आणि एकच गोष्ट टिपा: निवेदकाला स्वतःचं नाव, बाप, जात सांगावी लागते त्या जागा. पानाचा क्रमांक आणि तिथलं एक वाक्य, एवढं पुरे. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसतात. ‘अक्करमाशी’त आई महार, बाप सवर्ण, आणि आजोबांच्या जागी असलेला, ज्याला दादा म्हणायचं तो मुसलमान. तिथं दोन नावं सोडाच, एकही धड अंगावर बसत नाही. या फरकाशी मी थबकलो असतो. प्रश्न इथंच सापडतो: ओळखीचा हा पेच दोन्ही निवेदक कसा मांडतात, आणि त्यामुळे निवेदनाची घडण कशी वेगळी होते?

प्रकरणं या प्रश्नातूनच निघायला हवीत. माझ्या पहिल्या आराखड्यात लेखक-परिचय, दलित साहित्याची संकल्पना, कथानक, भाषाशैली, समारोप असे कप्पे होते. पुस्तकाचं नाव खोडून दुसरं घातलं तरी एक ओळ बदलावी लागली नसती. अशी अदलाबदल करून पाहणं हीच आराखड्याची चांगली परीक्षा आहे, तुम्हीही करा.

तुमच्याकडे पहिलं प्रकरण प्रश्न आणि आधीच्या समीक्षेनं याबद्दल काय म्हटलंय त्याचं. तिथं लेखकाचं चरित्र आणि दलित साहित्याचा इतिहास लागेल तेवढाच, चार-पाच पानं. दुसरं ‘बलुतं’मधल्या दुहेरी निवेदकाचं, तिसरं ‘अक्करमाशी’तल्या नाव नसण्याचं. चौथ्यात दोन्ही समोरासमोर. हे चौथं प्रकरण आधी लिहून पाहा. फरकाबद्दल दोन पानंही भरली नाहीत, तर प्रश्न अजून कच्चा आहे, पुन्हा टिपणांकडे जा.

दोन गोष्टी सांभाळा. निवेदक आणि लेखक एकच धरू नका, नाहीतर प्रबंधाचं चरित्र होतं. आणि दोन पुस्तकांवरून ‘सर्व दलित आत्मकथनांत असं असतं’ असं लिहू नका. तोंडी परीक्षेत पहिला हात तिथंच घातला जातो.

सरांकडे जाताना प्रश्नाचं ते एक वाक्य, प्रत्येक प्रकरणाखाली दोन ओळी आणि वहीतल्या सात-आठ जागा, एवढं न्या.