थंबनेलवरचं भूत भागात भेटायला हवं

प्रश्न: आमच्या ऍनिमेशन मालिकेच्या नव्या भागाचं थंबनेल आणि टायटल कसं करावं, की लोक क्लिक करतील पण फसवल्यासारखं वाटणार नाही?

जो प्रसंग भागाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात सुरू होतो, त्याचंच थंबनेल करा. शेवटाकडचा सगळ्यात भारी प्रसंग उचलून चिकटवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही.

आमच्या बडोद्यातल्याच एका मालिकेचा उत्तरायणाचा भाग सांगतो. त्यावरून निर्मात्याशी माझं चांगलंच वाजलं होतं. भाग अकरा मिनिटांचा. सुरुवातीलाच गच्चीवर पतंग कटतो, दांडिया बाजारातल्या एका बंद वाड्याच्या खिडकीत अडकतो आणि मुलगी तो आणायला निघते. सातव्या मिनिटाला भिंतीवर भुतासारखी सावली दिसते; ती मांज्यात गुंतलेल्या घुबडाची निघते. निर्मात्याला हवं होतं लाल डोळ्यांचं भूत आणि टायटल ‘भुताच्या वाड्यात अडकली मुलगी!’. असं भूत भागाच्या एकाही फ्रेममध्ये नाही. मग पोरं क्लिक करतात, भूत दिसत नाही म्हणून निघून जातात, नाहीतर थेट सातव्या मिनिटावर उडी मारतात. रिटेन्शनच्या आलेखात हे स्वच्छ वाचता येतं: सुरुवातीला मोठी घसरण आणि सावलीच्या जागी एकटाच उंचवटा. असा उंचवटा दिसला की समजायचं, थंबनेलने एका प्रसंगाचं वचन दिलं आणि बाकीचा भाग अडचण झाला.

माझं म्हणणं होतं: मुलगी खिडकीतून अर्धी आत, तोंड आपल्याकडे, हातात तुटका मांजा, मागे काळोखात सावलीची नुसती कड. भीती भागात खरोखर आहे, ती दाखवायला काहीच हरकत नाही. सावली कुणाची, एवढंच झाकायचं.

हे चित्र व्हिडिओ थांबवून मिळत नाही. हालचालीच्या मधल्या फ्रेममध्ये हात ताणलेले आणि डोळे अर्धे मिटलेले असतात, शिवाय मांडणी पूर्ण पडद्याच्या हिशेबाने केलेली असते. पात्राचं रिग पुन्हा उघडून नवी पोज द्या, कॅमेरा जवळ आणा, डोकं नेहमीच्या प्रमाणापेक्षा थोडं मोठं करा. बाह्यरेषेकडे मात्र नीट बघा, कारण बहुतेक थंबनेल तिथेच फसतात. चित्र १२८० बाय ७२० पिक्सेलचं केलेलं असतं, पण संगणकावर शेजारच्या यादीत ते साधारण १६८ पिक्सेल रुंद दिसतं. म्हणजे ४ पिक्सेलची रेघ अर्ध्या पिक्सेलवर येते, पुसली जाते आणि मुलगी मागच्या निळ्या संध्याकाळीत मिसळून जाते. पात्राभोवतीची रेघ १० ते १२ पिक्सेल ठेवा आणि खांद्यामागून फिकट उजेडाची कड द्या. खालचा उजवा कोपरा मोकळा सोडा. तिथे व्हिडिओच्या वेळेचा चौकोन बसतो आणि नेमका पतंग झाकला जातो.

चित्रावर अक्षरं घालायचीच असतील तर दोन शब्द पुरे. देवनागरीला जाड किनार दिली की अनुस्वार, रफार आणि मात्रा बुजतात. लहान आकारात ‘मांजा’वरचं टिंब शिरोरेषेला चिकटतं आणि ‘माजा’ उरतं. बलूसारखा ठसठशीत फाँट घ्या, किनार बारीक ठेवा आणि चित्र १६८ पिक्सेलवर आणून, फोन हातभर लांब धरून वाचून बघा.

चित्रात जागा आणि भीती आली, तर टायटलने काय घडलं ते सांगावं: ‘काप्यो छे! पतंग अडकला बंद वाड्यात | भाग ७’. मालिकेचं नाव आणि भागाचा आकडा सुरुवातीला लावू नका. फोनवर लांब टायटल कापलं जातं, आणि प्रत्येक भागाची सुरुवात सारखीच दिसली तर वेगळं काय आहे ते कुणाला कळणारच नाही. लोक तुमची मालिका नावानेच शोधत असतील, तर नाव ठेवा, पण शेवटी.

एक अडचण आधीच सांगायला हवी होती. तुमची मालिका ‘मुलांसाठी’ म्हणून नोंदलेली असेल, तर यूट्यूबची तीन थंबनेलची आपोआप तुलना करणारी सोय तुम्हाला मिळत नाही. मग हाताने करावं लागतं. टायटल तसंच ठेवून फक्त चित्र बदला आणि पहिल्या दिवसाचा क्लिक-दर नंतरच्या आठवड्याशी ताडू नका. पहिल्या दिवशी बहुतेक तुमचेच सबस्क्रायबर असतात. पुढे भाग अनोळखी लोकांसमोर जातो आणि दर उतरतोच. क्लिक-दरासोबत तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक टिकले तेही बघा. दर वाढला आणि हा आकडा पडला, तर जुनं चित्र परत लावा, निर्माता काहीही म्हणो.