हॉलमधला कॅमेरा स्पीकरपेक्षा जास्त ऐकतो

प्रश्न: आम्ही पुण्यात, आई नाशिकला इंदिरानगरमध्ये एकटी. तिच्यासाठी हॉलमध्ये वायफाय कॅमेरा आणि ॲलेक्साचा स्पीकर लावलाय. हे दिवसभर सगळं रेकॉर्ड करतात का? ते साठतं कुठे, आणि कमी कसं करायचं?

आधी कॅमेरा बघा, स्पीकर नंतर. माझी आईसुद्धा पंचवटीत एकटी असते, आणि अंबडच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळणं हे माझं रोजचं काम. तरीही तिच्या घरचा कॅमेरा तिचं बोलणं साठवतोय हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले.

एका रविवारी दुपारी कोण येऊन गेलं ते बघायला मी जुनं रेकॉर्डिंग उघडलं. चित्रात नुसता रिकामा हॉल होता, आणि आवाज येत होता स्वयंपाकघरातून. आई फोनवर मावशीला आपल्या दुखण्याबद्दल सांगत होती, जे ती मला कधीच सांगत नाही. कॅमेऱ्याचं तोंड तिकडे नव्हतंच, पण माईकला तोंड नसतं. मी ते लगेच बंद केलं आणि त्याच संध्याकाळी पंचवटीला गेलो.

तुमच्या घरातल्या दोन वस्तूंमधला फरक तिथेच आहे. स्पीकरचा माईक सतत चालू असतो हे खरं, पण यंत्राच्या आत तो फक्त हाकेचा शब्द शोधत असतो. काही सेकंदांचा आवाज आतल्या मेमरीत येतो आणि त्यावरच पुढचा लिहिला जातो. हाक ऐकू आली की निळा दिवा लागतो, आणि मग तेवढं बोलणं ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जातं. तुम्ही सेटिंग बदललं नसेल, तर ते स्वतः पुसेपर्यंत तुमच्या खात्यात राहतं. हाकेसारखा वाटणारा दुसरा शब्द कानावर पडला तर स्पीकर चुकून जागा होतो, आणि त्या वेळचं घरगुती बोलणंही असंच वर जातं. म्हणजे स्पीकरकडे तुकडे असतात.

कॅमेऱ्याचं तसं नाही. सेटिंग `Continuous` वर असेल तर तो चोवीस तास लिहीत राहतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राबरोबर आवाजही. किती दिवसांचं साठतं याचा हिशोब सोपा आहे. साध्या १०८० पिक्सेलच्या कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट धरला, तर दिवसाला सुमारे ११ जीबी होतात. कॅमेऱ्यातल्या ६४ जीबीच्या मेमरी कार्डावर प्रत्यक्षात ५९-६० जीबी जागा मिळते, म्हणजे साडेपाच दिवस. वेग २ मेगाबिट असेल तर पावणेतीन दिवस. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. आईच्या हॉलमध्ये कोणत्याही क्षणी मागच्या पाच दिवसांचं तिचं बोलणं नखाएवढ्या कार्डावर पडलेलं होतं.

हे कार्ड घरातच असतं, हा त्यातल्या त्यात बरा भाग. मात्र बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत त्यावरच्या फाइल्स कुलूपबंद नसतात, त्यामुळे ज्याच्या हातात कार्ड पडेल तो ते लॅपटॉपला लावून बघू शकतो. कॅमेरा दुरुस्तीला देताना कार्ड काढून घ्या, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

घराबाहेर काय जातं? क्लाउडचा मासिक प्लॅन घेतला असेल तर हालचालीच्या क्लिपा कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि प्लॅनच्या मुदतीपर्यंत राहतात. प्लॅन नसला, तरी मोबाईलवर येणाऱ्या सूचनेतला छोटा फोटो बऱ्याचदा सर्व्हरवरूनच येतो. तुम्ही पुण्यातून लाइव्ह बघता तेव्हा फोन आणि कॅमेरा थेट जोडले गेले नाहीत, तर चित्र कंपनीच्या सर्व्हरमधून फिरून येतं. सर्व्हरवरचं कुणी माणूस बघतं का, ही शंका पोकळ नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या कॅमेरा कंपनीवर आरोप ठेवला की तिने कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येतील अशी मोकळीक ठेवली होती. ते प्रकरण ५८ लाख डॉलर देऊन मिटलं. म्हणून आईसाठी मी क्लाउड प्लॅन घेतलेला नाही. पण चोर कॅमेराच उचलून नेईल अशी भीती असेल, तर कार्डही त्याच्याबरोबर जाणार, हे लक्षात घेऊन तुम्ही ठरवा.

आता खरी गोम. कॅमेरा कुणी लावून दिला? आमच्याकडे बसवायला आलेल्या मुलाने घाईत स्वतःच्याच मोबाईल नंबरवर खातं उघडलं होतं आणि मला नुसतं `Share` केलं होतं. म्हणजे मालक तो, आणि मी पाहुणा. तुमच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या नावाखाली `Shared` असं काही दिसतंय का, किंवा दुसऱ्याला जोडायचा पर्याय गायब आहे का, ते बघा. तसं असेल तर त्या माणसाला समोर बसवून त्याच्या फोनमधून कॅमेरा काढायला लावा. नुसतं रिसेट करून भागत नाही, कारण काही कंपन्यांचे कॅमेरे आधीच्या खात्याला बांधलेले राहतात, आणि त्या खात्यात गेलेल्या क्लाउडच्या क्लिपा रिसेटने पुसल्या जात नाहीत. त्याने काढल्यावर रिसेटचं बटण दाबून धरा, आपल्या खात्यावर जोडा, कार्ड फॉरमॅट करा, पासवर्ड नवा द्या आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा.

मग आवाज. सेटिंगमध्ये `Record Audio` किंवा `Microphone` असं बटण असतं. पहिलं बंद केलं तर साठवण थांबते, पण लाइव्हमध्ये ऐकू येतं. दुसरं बंद केलं तर दोन्ही थांबतं. आई पडली आणि हाक मारत असेल तर ऐकू यावं, म्हणून मी फक्त साठवण बंद ठेवली. बटणावर विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यासमोर दहापर्यंत मोठ्याने मोजा, पाच मिनिटांनी तेवढी क्लिप उघडा आणि ऐका. त्याबरोबर रेकॉर्डिंग `Continuous` वरून हालचालीवर आणा. आई घरभर वावरते त्या वेळी क्लिपा होतीलच, पण रात्रीचा रिकामा हॉल लिहिला जाणार नाही.

स्पीकरचं काम पाच मिनिटांचं. ॲपमध्ये `More` मधून `Alexa Privacy` उघडा, तिथे `Manage Your Alexa Data`, आणि रेकॉर्डिंग किती काळ ठेवायचं त्यात `Don't save recordings` निवडा. याने आवाज सर्व्हरवर जायचा थांबत नाही, उत्तर तिथूनच येतं. फक्त रेकॉर्डिंग साठवून ठेवलं जात नाही. त्याच पानावर माणसांकडून रेकॉर्डिंग तपासण्याची परवानगीही बंद करता येते. त्याआधी `Review Voice History` उघडून आईसोबत जुन्या नोंदी ऐका. चुकून जागा झालेले प्रसंग तिथेच सापडतात. ते जास्त असतील तर हाकेचा शब्द बदला. पाहुणे आले की वरचं माईकचं बटण दाबायचं आणि लाल दिवा बघायचा, हे आईला एकदा हाताने करून दाखवा. माझ्या आईने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून केलं, भिशीच्या बायका येणार होत्या म्हणून.

आणि धुणंभांड्याला येणाऱ्या ताईंना कॅमेरा कुठे आहे, तो काय टिपतो, हे आईने स्वतः सांगायला हवं. आमच्या ताईंनी विचारलं, "मी घरी फोनवर बोलते तेपण जातं का?" तोवर आवाजाची साठवण बंद केलेली होती, म्हणून मला त्यांना खरं सांगता आलं: साठत नाही, पण मी लाइव्ह बघत असेन तर ऐकू येतं.