निरोपाच्या भाषणातली ती एक फाइल

"मॅडम, या महिन्याच्या ३१ तारखेला मी रिटायर होतोय. छत्तीस वर्षं इन्शुरन्समध्ये काढली, त्यातली शेवटची पंधरा-सोळा क्लेम्स मॅनेजर म्हणून. सेंड-ऑफला बोलायला सांगितलंय. सगळ्यांचे आभार मानायचे आहेत, कठीण क्लेम्समधून काय शिकलो तेही सांगायचं आहे. पण लिहायला बसलो की एकच क्लेम डोळ्यांसमोर येतो, मी नाकारलेला. तो सोडून बोललो तर खोटं वाटतं आणि तो सांगायला गेलो तर आवाज फुटेल. काय करू?"

हे गृहस्थ माझ्याकडे नागपूरच्या धरमपेठेत समुपदेशनासाठी चार वेळा आले. त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. त्यांची किंवा कुणाचीच ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत त्यांनी भाषणाचा कच्चा मसुदा आणला होता, दोन पानं. 'मोलाचं सहकार्य', 'कुटुंबासारखं वातावरण', 'ऋणात राहू इच्छितो' अशी वाक्यं होती आणि खाली सतरा नावं ओळीने लिहिलेली. मी विचारलं, यातल्या कुणी नेमकं काय केलं? ते गप्प झाले. मग त्यांनी २३ सप्टेंबर २०२३ ची सकाळ सांगितली. रात्री झोडपून पाऊस झाला होता, अंबाझरी तलाव भरून वाहत होता आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं. ऑफिस उघडायच्या आधीच त्यांच्याकडच्या एका तरुण अधिकाऱ्याने घरून ग्राहकांना फोन करायला सुरुवात केली. निरोप एकच होता, "गाडी पाण्यात असेल तर चावी फिरवू नका, टो करूनच न्या." इंजिनात पाणी असताना गाडी सुरू केली की पिस्टनला पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. साध्या पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान मिळतं. पण चावी फिरवल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर लागतं. त्या फोनमुळे काही इंजिनं वाचली आणि काही नकाराची पत्रं लिहावीच लागली नाहीत.

"हे मसुद्यात का नाही?" मी विचारलं.

"त्याला आभार म्हणतात हे लक्षातच आलं नाही," ते म्हणाले.

सतरा नावं तिथेच गळाली आणि पाच उरली. ज्या पाच जणांचं एकेक काम त्यांना दिवसासकट आठवत होतं, तेवढीच. बाकीच्यांचे आभार चहाच्या वेळी हात हातात घेऊन मानायचे, असं ठरलं.

दुसऱ्या भेटीत ती फाइल निघाली.

२००८ ची गोष्ट. भंडाऱ्याकडच्या एका माणसाचा ट्रक चोरीला गेला. एकच ट्रक, त्यावरच घर चालायचं. रात्री ढाब्यावर उभा केला होता, पहाटे जागेवर नव्हता. त्याने त्याच दिवशी पोलिसांत तक्रार दिली. विमा कंपनीला मात्र एकेचाळीस दिवसांनी कळवलं. पॉलिसीची अट होती की नुकसानीची लेखी सूचना ताबडतोब द्यावी. ट्रकची विमा किंमत ६,४०,००० रुपये होती. पोलिसांनी पुढे 'ए समरी' दिली, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. या गृहस्थांनी क्लेम नाकारला, कारण लिहिलं 'सूचनेस विलंब'. पत्र गेल्यावर तो माणूस सीताबर्डीच्या ऑफिसात आला आणि टेबलासमोर उभं राहूनच म्हणाला, "गाडी चोराने नेली साहेब, सजा मले काऊन?" मग निघून गेला. ना ग्राहक मंचात गेला, ना विमा लोकपालाकडे.

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहन चोरीच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की पोलिसांत ताबडतोब तक्रार झाली असेल आणि चोरी खरी निघाली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येणार नाही. त्याआधी सप्टेंबर २०११ मध्ये विमा नियामकानेही कंपन्यांना कळवलं होतं, की खरे क्लेम फक्त विलंबावर बोट ठेवून फेटाळू नका. २०२० चा तो निकाल यांनी ऑफिसात वाचला आणि दुपारी जेवले नाहीत. तेव्हापासून तो प्रश्न अधूनमधून रात्री कानावर यायचा. निरोपाची तारीख ठरल्यावर रोज येऊ लागला.

अशा वेळी समुपदेशकाच्या तोंडावर एक वाक्य तयार असतं, "त्या वेळी नियम तसाच होता, तुमचा दोष नाही." मी ते म्हटलं नाही. आज कळलेली गोष्ट माणूस जुन्या दिवसावर टाकतो आणि मग त्या दिवशीही ती आपल्याला कळायलाच हवी होती असं मानतो, हे खरं आहे. पण ही गाठ सांत्वनाने सुटत नाही. काय कधी माहीत होतं ते वेगळं करून बघावं लागतं. म्हणून एका कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात त्या दिवशी मला ठाऊक असलेलं, दुसऱ्यात त्या दिवशी फाइलीत असलेलं आणि तिसऱ्यात नंतर कळलेलं. तिसरा रकाना पटकन भरला, २०११ आणि २०२०. पहिल्यात पॉलिसीची अट, तेव्हाचा ऑफिसातला रिवाज आणि मार्चअखेर निकाली काढायच्या फाइलींचा ढीग आला.

दुसऱ्या रकान्यापाशी ते थांबले. बराच वेळ पेन नुसतं धरून होते.

फाइलीत एक नोट होती. नुकत्याच लागलेल्या एका सहायक मुलीने लिहिलेली. तिने ट्रकमालकाला बोलावून उशिराचं कारण विचारलं होतं. ट्रक रायपूरकडे दिसल्याचा फोन आला म्हणून तो पोलिसांबरोबर आणि नंतर एकटाच दुर्ग-रायपूरला फिरत होता. ट्रक सापडेल या आशेवर त्याने कंपनीला कळवलंच नाही. तिने लिहिलं होतं: तक्रार त्याच दिवशीची आहे, चोरी बनावट वाटत नाही, उशिरामुळे कंपनीचं नेमकं काय बिघडलं ते दिसत नाही, सबब नॉन-स्टँडर्ड पद्धतीने पंच्याहत्तर टक्के देण्याबाबत विभागीय कार्यालयाकडे विचारणा व्हावी. अट मोडली पण नुकसान खरं आहे, अशा वेळी रक्कम कापून क्लेम देण्याची ही पद्धत तेव्हाही होती. हिशेब साधा आहे. सहा लाख चाळीस हजाराचे पंच्याहत्तर टक्के म्हणजे ४,८०,००० रुपये. यांनी नोट वाचली, खाली 'अटीचा भंग, नामंजूर' असं लिहिलं आणि सही केली.

म्हणजे दोष होता. पण जेवढा ते मानत होते तेवढा नव्हता, आणि तिथे नव्हता. क्लेम मंजूर करण्याचा अधिकार त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हताच. वर विचारणा पाठवणं मात्र हातात होतं. एका पानाचं पत्र होतं ते. विभागाने काय उत्तर दिलं असतं हे आज कुणीच सांगू शकत नाही. इतकी वर्षं ते स्वतःला 'मी एका माणसाचा ट्रक बुडवला' असं सांगत होते. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, "मी एक पत्र पाठवलं नाही." हे वाक्य म्हणताना ते रडले. ते बरं झालं असं मला वाटतं, कारण याआधी त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती धास्ती होती.

मग विषय निघाला की ट्रकमालकाला शोधून काढायचं आणि खिशातून पैसे द्यायचे. मी दोन गोष्टी विचारल्या. पत्ता कुठून मिळवणार? ऑफिसच्या फाइलीतला पत्ता अशा खासगी कामाला वापरता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि इतक्या वर्षांनी त्याच्या दारात उभं राहिल्यावर हलकं कुणाला वाटेल? त्यांनी हा विचार सोडला नाही, पण ३१ तारखेच्या आधी काही करायचं नाही इतकं मान्य केलं.

भाषणात ही फाइल यावी का? माझं मत, यावी, पण ट्रकमालकाची म्हणून नव्हे. ती त्या नोटेची गोष्ट म्हणून यावी. ती मुलगी आज त्याच ऑफिसात उपव्यवस्थापक आहे आणि समोर बसणार होती. खरे आभार तिचे राहिले होते. मात्र भर सभेत एखाद्याचं नाव घेऊन जुना प्रसंग काढणं हे तिच्यावरही ओझं होऊ शकतं, म्हणून आधी तिला विचारायचं ठरलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव घ्या साहेब, चालेल. पण ट्रकवाल्याचा जिल्हा सांगू नका, आपल्याकडे भंडाऱ्याचे तिघं बसतात." हा सल्ला मलाही सुचला नव्हता. साल, जिल्हा, रक्कम तिन्ही भाषणातून काढली.

तिसऱ्या आणि चौथ्या भेटीत आम्ही फक्त मोठ्याने वाचलं. आवाज फुटण्याच्या भीतीवर मनातल्या मनात वाचण्याचा उपयोग होत नाही, आवाज काढूनच वाचावं लागतं. प्रत्येक वेळी घसा एकाच जागी दाटायचा, "सजा मले काऊन" यापाशी. ते वाक्य काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं. काढलं नाही. त्याच्या आधी कागदावर लाल पेनाने 'थांब, पाणी' असं लिहिलं. थांबणं आधीच ठरलेलं असलं की ती फजिती वाटत नाही. पहिल्या वाचनात ते तिथे जवळजवळ मिनिटभर अडकले, सहाव्यात एक घोट पाणी पिऊन पुढे गेले. सगळं भाषण सात मिनिटांत बसलं.

त्यातला तो भाग त्यांनी मला वाचून दाखवला तसा देते:

"एका चोरीच्या क्लेमवर या मॅडमनी मला लिहून दिलं होतं, उशिरामुळे आपलं नेमकं काय बिघडलं ते दिसत नाही. मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. तो माणूस माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, सजा मले काऊन? माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर त्यांच्या नोटेत होतं. मॅडम, तेव्हा तुम्ही नवीन होता आणि बरोबर होता. तुमचे आभार मानायला मला इतकी वर्षं लागली. त्यानंतर नाकारायच्या प्रत्येक फाइलीवर मी खालची नोट दोनदा वाचली आहे. आता माझ्या खुर्चीवर जो बसेल त्याला एवढीच विनंती, नामंजूर लिहिण्याआधी ज्याने ग्राहकाशी प्रत्यक्ष बोलून नोट लिहिली त्याला बोलावून एकदा विचारा. आणि नाकारलंच, तर लोकपालाकडे वर्षभराच्या आत जाता येतं, तिथे पैसे लागत नाहीत, हे त्या माणसाला तोंडाने सांगा. पत्रात छापलेलं असतं, पण पत्र हातात पडल्यावर पहिली ओळ वाचून माणूस घडी घालतो."

१ तारखेला त्यांचा फोन आला. शाल-श्रीफळ झालं, लाल खुणेपाशी थांबले, पाणी प्यायले, आवाज थोडा हलला पण वाक्य पूर्ण झालं. मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. नंतर संत्रा बर्फीची प्लेट घेऊन त्या यांच्याजवळ आल्या आणि त्या नोटेची तारीख त्यांनीच सांगितली. त्यांच्याही लक्षात होती.

ट्रकमालकाचा प्रश्न अजून रात्री येतो का, असं मी विचारलं. "येतो," ते म्हणाले. "पण आता मी उठून बसत नाही." त्याला शोधायचं की नाही, यावर बोलायला ते पुढच्या गुरुवारी येणार आहेत.