चाळीतल्या गणपतीची संध्याकाळची आरती लाइव्ह, तीही कमजोर नेटवर

"लालबागच्या आमच्या चाळीत गणपती बसतो. संध्याकाळची आरती यूट्यूबवर लाइव्ह दाखवायची आहे. दोन कॅमेरे आणि लॅपटॉप आहे, पण नेट कमजोर. कॅमेरे कुठे लावू, चॅट कोणी बघायचं, नेट गेलं तर काय?"

सुरुवात नेटपासून करा. गणपतीत लालबाग-परळला संध्याकाळी इतकी गर्दी असते की मोबाइलला रेंज फुल दिसते आणि अपलोड मात्र होत नाही. मंडपाला लागून ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे त्यांना विचारा आणि त्यांच्या राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅन केबल ओढा. स्पीड टेस्ट दुपारी करून उपयोग नाही, आरतीच्याच वेळी चार-पाचदा करा. अपलोडचा सगळ्यात कमी आकडा धरायचा आणि त्याच्या निम्मंच वापरायचं. समजा तो ३ एमबीपीएस आला, तर लॅपटॉपवरच्या ओबीएस या स्ट्रीमिंग सॉफ्टवेअरमध्ये 720p ला व्हिडिओ १३५० केबीपीएस आणि आवाज १२८.

ओबीएसमध्ये दुसरं प्रोफाइलही आजच करून ठेवा: 360p, ६०० केबीपीएस, आवाज तोच १२८. चित्र धूसर झालं तरी लोक बघत राहतात, आवाज तुटला की उठून जातात. यूट्यूबने दिलेली स्ट्रीम की दोन्ही प्रोफाइलमध्ये एकच हवी. आणि यूट्यूबच्या लाइव्ह कंट्रोल रूममध्ये `Enable Auto-stop` बंद करा, हे अजिबात विसरू नका. ते चालू राहिलं तर नेट तुटल्यावर यूट्यूब लाइव्ह संपवून टाकतं आणि नातेवाइकांना पाठवलेली लिंक वाया जाते.

ओबीएसच्या खालच्या पट्टीत `Dropped frames` चा आकडा चढत राहिला तर दोष नेटचाच. स्ट्रीम आणि रेकॉर्डिंग दोन्ही थांबवा, ती चालू असताना प्रोफाइल बदलता येत नाही; मग हलकं प्रोफाइल निवडा, दोन्ही पुन्हा सुरू करा. लिंक तीच राहते. ब्रॉडबँडच गेलं तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन यूएसबीने जोडून तयार ठेवलेला असू द्या. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर पहिल्यापासून चालू ठेवा, म्हणजे सगळंच बंद पडलं तरी रात्री आरती टाकता येईल.

मुख्य कॅमेरा मूर्तीच्या अगदी समोर नको, आरती ओवाळणाऱ्याची पाठच दिसत राहते. थोडा बाजूला, डोक्यांच्या वर येईल अशा स्टँडवर लावा. एक्सपोजर मूर्तीच्या चेहऱ्यावर लॉक करा, नाहीतर निरांजन समोरून गेलं की प्रत्येक वेळी बाप्पाचा चेहरा काळवंडतो. दुसरा कॅमेरा मागून, झांजा वाजवणारी मुलं आणि गर्दी टिपायला. 'घालीन लोटांगण'ला सगळे स्वतःभोवती फिरतात, तेव्हा तोच दाखवा.

चॅट बघणारा माणूस मंडपात बसवू नका. ठाण्या-डोंबिवलीतलं कुणी, घरच्या वायफायवर बसलेलं, बरं. आवाज गेला किंवा चित्र अडकलं तर त्यालाच आधी कळेल; त्याने चॅटमध्ये न लिहिता लॅपटॉपवाल्याला थेट फोन करावा. स्लो मोड लावा आणि लिंक अडवा. देणगीच्या नावाखाली कुणी भलताच यूपीआय नंबर टाकला तर तो ताबडतोब काढायचा, म्हणून मंडळाचा खरा नंबर आधीच पिन करून ठेवा.