बाळाला जन्मानंतरचं व्हिटॅमिन के इंजेक्शन राहून गेलं, आता काय?

बाळ घरीच जन्मलं, आज नववा दिवस. वजन २.६ किलो. के चं इंजेक्शन दिलेलंच नाही. आता चालेल का, डोस किती?

चालेल, आजच द्या. उशीर झाला म्हणून सोडू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाला रक्तस्रावाचा धोका सहा महिन्यांपर्यंत राहतो, कारण आईच्या दुधात व्हिटॅमिन के फारच कमी असतं.

भारतातल्या सरकारी सूचनांप्रमाणे जन्माचं वजन १००० ग्रॅम किंवा जास्त असेल तर १ मिलिग्रॅम, त्याहून कमी असेल तर ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या बाळाला १ मिलिग्रॅम, एकदाच, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला स्नायूत. चूक होते ती अँप्यूलमध्ये: कुठे अर्ध्या मिलिलीटरमध्ये १ मिलिग्रॅम असतं, कुठे एका मिलिलीटरमध्ये. मोठ्यांची १० मिलिग्रॅमचीही येते. म्हणून नर्सताईंना लेबल वाचून घ्यायला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा आणि दिल्यावर कार्डावर नोंद करून घ्या.

पण नाळेतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, अंगावर निळे डाग, सतत उलट्या, सुस्ती, टाळू फुगलेली, यातलं काहीही दिसलं तर केंद्रात थांबू नका, थेट मुलांच्या डॉक्टरांच्या मोठ्या रुग्णालयात न्या. मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो.