भांडवली नफ्यावर कर कमी का?

पगारापेक्षा शेअरच्या नफ्यावर कर कमी का? आणि करामुळे लोक विकत नाहीत म्हणतात, ते कसं?

नफ्यावरचा कर विकल्यावरच लागतो, म्हणजे तो कधी भरायचा हे मालक ठरवतो. पगारदाराला ही सोय नाही. दर चढवला की विक्रीच मंदावते, हे कमी दरामागचं मोठं कारण. (नफ्यातला काही भाग नुसती महागाई असते, हेही आहेच.)

समजा, 100 ला घेतलेला शेअर आज 300 चा आहे आणि कर 20 टक्के. आज विकला तर 40 करात जाऊन 260 उरतात. तोच 8 टक्के वाढला आणि वर्षभरानं विकला, तर करानंतर 279.20 मिळतात. 260 गुंतवून करानंतर तेवढेच मिळवायला नवा शेअर सुमारे 9.2 टक्के वाढायला हवा. म्हणून 9 टक्के देणारा चांगला पर्याय दिसत असूनही माणूस जुन्यातच अडकतो.