रिलेटिव्ह ग्रेडिंग: जुन्या कटऑफवरून फायनलचं टार्गेट कसं काढायचं?

प्रश्न: ए ग्रेडचे गेल्या तीन वर्षांचे कटऑफ ७८, ६४, ७१ होते. मला मिडटर्मला ३० पैकी १९ आहेत (वर्गाचा ॲव्हरेज १६), असाइनमेंटला २० पैकी १८ (ॲव्हरेज १७). फायनल ५० ची आहे, किती पाडावे लागतील?

उत्तर: त्या तिन्ही आकड्यांचा ॲव्हरेज काढून ७१ धरून बसू नकोस. नुसता कटऑफ फक्त त्या वर्षीचा पेपर किती अवघड होता ते सांगतो, म्हणून प्रत्येक कटऑफसोबत त्या वर्षीच्या टोटलचा ॲव्हरेज आणि स्टँडर्ड डेव्हिएशन पण मिळव, सीनिअर्सकडे निकालाचा मेल नाहीतर स्क्रीनशॉट असतोच कोणाकडे तरी.

समजा ॲव्हरेज निघाले ६१, ४६, ५५ आणि डेव्हिएशन १४, १५, १३. आता कटऑफमधून ॲव्हरेज वजा कर आणि डेव्हिएशनने भाग. पहिल्या वर्षी १७ भागिले १४ म्हणजे १.२१, मग १.२० आणि १.२३. बघ, कटऑफ १४ मार्कांनी वरखाली झालाय पण हे अंतर जागचं हललेलं नाही, सर दरवर्षी साधारण तिथेच रेघ मारतायत.

डेव्हिएशन यंदाही १४ च्या आसपास धरलं तर टोटलमध्ये वर्गाच्या ॲव्हरेजपेक्षा साधारण १७ मार्क वर पाहिजेत. त्यातले मिडटर्मचे ३ आणि असाइनमेंटचा १ असे ४ तुझ्याकडे आहेत, म्हणजे फायनलला ॲव्हरेजच्या १३ वर. पेपर बरा गेला आणि ॲव्हरेज २४ लागला तर ३७ लागतील, अवघड निघून १९ वर आला तर ३२ पुरतील. म्हणून पेपर हातात आल्यावर भयंकर वाटला तरी टार्गेट पण तेवढंच खाली आलेलं असतं हे लक्षात ठेव आणि पुढचा प्रश्न घे.

आता हे कुठे फसतं ते सांगतो. मिडटर्मनंतर कमी मार्कवाले कोर्स सोडतात, मग उरलेल्यांचा मिडटर्मचा ॲव्हरेज १६ वरून १७-१८ वर जातो आणि तुझी ३ ची आघाडी निम्मी होते. कोर्सला कोण उरलं ती यादी पक्की झाली की ॲव्हरेज परत काढ, हे बहुतेक जण करतच नाहीत. सर बदलले असतील तर जुनं १.२ विसरून जा. आणि वर्ग वीस-पंचवीस जणांचा असेल तर दोन हुशार पोरं जास्त आली तरी रेघ सरकते.

अजून एक, ऐकीव कटऑफ. कोणी म्हणालं "मला ७४ ला ए मिळाला" तर कटऑफ ७४ होता असं नाही, ७४ किंवा त्याच्या खाली कुठेतरी होता एवढंच कळतं. त्याच वर्षी ६९ ला बी मिळालेला कोणीतरी शोध, मग कटऑफ ६९ च्या वर आणि जास्तीत जास्त ७४ असा अडकतो. बरेच सर मार्कांच्या यादीत मोकळी जागा दिसेल तिथेच रेघ मारतात, त्यामुळे दोन-तीन मार्कांचा फरक कुठल्याच हिशोबात पकडता येत नाही, तू १३ ऐवजी १६ धरून अभ्यास कर.